क्विनोनची बॅटरी आणि विरघळण्याचा प्रश्न

मेंदीच्या पानांत लॉसोन नावाचा एक रंगद्रव्याचा रेणू असतो. तळहातावर उतरणारा तांबूस रंग त्याचाच. मंजिष्ठेच्या मुळांत परप्युरिन असते, आणि पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांत युबिक्विनोन असते. नावे वेगवेगळी असली तरी रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही एकाच घराण्यातली मंडळी आहेत. त्या घराण्याचे नाव क्विनोन. कार्बनच्या षटकोनी कड्याला दोन ऑक्सिजन दुहेरी बंधाने जोडलेले असणे, ही त्यांची ओळख. या रचनेत एक सोय आहे. प्रत्येक ऑक्सिजन एकेक इलेक्ट्रॉन घेऊ शकतो आणि पुढे परतही देऊ शकतो, आणि या देवाणघेवाणीत कार्बनचे कडे मोडत नाही. पेशींत युबिक्विनोन दिवसभर हेच काम करत असते. बॅटरीलाही नेमका असाच पदार्थ लागतो.

इलेक्ट्रॉन घेण्याला रसायनशास्त्रात क्षपण म्हणतात आणि देण्याला ऑक्सिडीकरण. लिथियमच्या बॅटरीत डिस्चार्ज होताना लिथियम धातू आपला इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून पाठवतो आणि स्वतः धनभारित आयन होऊन आतल्या द्रवातून, म्हणजे इलेक्ट्रोलाइटमधून, दुसऱ्या टोकाकडे जातो. त्या टोकाला क्विनोन असेल तर त्याच्या ऑक्सिजनवर इलेक्ट्रॉन येऊन बसतो आणि लिथियम आयन त्याच्या शेजारी येऊन थांबतो. दोन ऑक्सिजन, दोन इलेक्ट्रॉन, दोन लिथियम. चार्जिंग करताना हाच प्रवास उलट होतो.

या घराण्यातला एक सदस्य बॅटरीसाठी विशेष अभ्यासला गेला आहे. तो म्हणजे अँथ्राक्विनोन. एका ओळीत चिकटलेली तीन कडी, आणि मधल्या कड्यावर समोरासमोर दोन ऑक्सिजन. हा फिकट पिवळा, भुकटीसारखा पदार्थ उद्योगाला नवा नाही. 1868 साली ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनज्ञांनी मंजिष्ठेच्या युरोपीय बहिणीतला लाल रंग, अलिझरिन, डांबरातून निघणाऱ्या अँथ्रासीनपासून प्रयोगशाळेत तयार केला. तो मार्ग अँथ्राक्विनोनवरूनच जात होता. आजही हायड्रोजन पेरॉक्साइडच्या कारखान्यांत अँथ्राक्विनोनचे भाऊबंद मोठ्या टाक्यांत फिरत असतात. तिथे ते हायड्रोजन उचलतात, हवेतल्या ऑक्सिजनच्या हवाली करतात आणि पुन्हा मोकळे होतात. त्यात फक्त कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन आहे. कोबाल्ट नाही, निकेल नाही. जगात खाणीतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी निम्म्याहून खूप अधिक एकट्या काँगोतून येते. बॅटरी उद्योगाला त्याची धास्ती वाटते ती याच कारणाने. कार्बनी पदार्थांवर अशी कुणा एका देशाची मक्तेदारी संभवत नाही. ते डांबरातून, पेट्रोलियमपासून किंवा वनस्पतींपासून मिळू शकतात.

केवळ मुबलकता पुरेशी नसते, बॅटरीत ऊर्जाही मावली पाहिजे. इथे अँथ्राक्विनोन सुरुवातीला तरी निराश करत नाही. त्याचा रेणुभार 208 आहे आणि एक रेणू दोन इलेक्ट्रॉन साठवतो. त्यावरून हिशेब केला तर एका ग्रॅममध्ये सुमारे 257 मिलिअँपिअर-तास विद्युतभार मावतो. विजेवर चालणाऱ्या अनेक गाड्यांत आणि बसमध्ये असलेल्या लिथियम आयर्न फॉस्फेटची हीच संख्या 170 आहे. मात्र अँथ्राक्विनोनचा दाब लिथियमच्या तुलनेत सुमारे 2.2 व्होल्ट, तर आयर्न फॉस्फेटचा 3.4. ऊर्जा म्हणजे या दोहोंचा गुणाकार, त्यामुळे दोन्ही पदार्थ किलोमागे साधारण 570 वॅट-तासांच्या आसपास येऊन थांबतात. रंगाच्या कारखान्यातली पिवळी भुकटी आजच्या एका यशस्वी बॅटरी-पदार्थाशी कागदावर बरोबरी करते.

कागदावरची ही बरोबरी प्रत्यक्षात उतरत नाही, याची दोन कारणे सरळ आहेत. अँथ्राक्विनोन वीज वाहून नेत नाही. म्हणून त्याच्या प्रत्येक कणापर्यंत इलेक्ट्रॉन पोहोचवायला काजळीसारखा वाहक कार्बन भरपूर मिसळावा लागतो. प्रयोगशाळेत तर इलेक्ट्रोडच्या वजनापैकी 30-40 टक्के कार्बन असणे नवलाचे नाही, आणि त्या कार्बनात ऊर्जा साठत नाही. शिवाय कार्बनी पदार्थ हलके आणि पसरट असतात. अँथ्राक्विनोनची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे 1.4 ग्रॅम, तर आयर्न फॉस्फेटची 3.6. म्हणजे तेवढीच ऊर्जा मावायला जागा जास्त लागते. पण या दोन्ही अडचणी अभियांत्रिकीच्या आहेत, त्यांच्याशी तडजोड करता येते. खरी अडचण तिसरी आहे. अँथ्राक्विनोन बॅटरीत राहतच नाही, ते विरघळून जाते.

धातूच्या ऑक्साइडचा स्फटिक म्हणजे आयनांची घट्ट बांधलेली भिंत. त्यातला एखादा तुकडा सुटून इलेक्ट्रोलाइटमध्ये जाणे सोपे नसते. अँथ्राक्विनोनच्या स्फटिकात रेणू एकमेकांना तसे जखडलेले नसतात. सपाट रेणू पत्त्यांच्या जोडासारखे एकमेकांवर रचलेले असतात आणि त्यांच्यातली ओढ क्षीण असते. लिथियम बॅटरीत पाणी चालत नाही, म्हणून इलेक्ट्रोलाइट कार्बनी द्रावकाचा असतो. कार्बोनेट किंवा ईथर वर्गातले हे द्रव लिथियमचे मीठ विरघळवण्यासाठीच निवडलेले असतात. कार्बनी घन पदार्थ आणि कार्बनी द्रव यांचे जमायला वेळ लागत नाही. नेलपॉलिश रिमूव्हर रंगाला जे करतो, तेच इथे सावकाश घडते.

आता एक छोटासा हिशेब करून पाहू. समजा, बटणाएवढ्या प्रायोगिक घटात 2 मिलिग्रॅम अँथ्राक्विनोन आहे. म्हणजे 9.6 मायक्रोमोल. इलेक्ट्रोलाइट 60 मायक्रोलिटर आहे आणि त्यात लिटरमागे 20 मिलिमोल अँथ्राक्विनोन विरघळू शकते, असे धरले, तर सगळा द्रव संपृक्त व्हायला फक्त 1.2 मायक्रोमोल लागतील. एकूण साठ्याचा आठवा हिस्सा. साखरेचा पाक एका मर्यादेनंतर आणखी साखर घेत नाही, तसेच इथेही व्हायला हवे. आठवा हिस्सा गेला की विरघळणे थांबावे आणि बाकीची क्षमता टिकावी. खऱ्या घटात मात्र क्षमता तिथे थांबत नाही, घटतच राहते.

याचे कारण घटाच्या दुसऱ्या टोकाला आहे. विरघळलेला रेणू दोन टोकांमधल्या सच्छिद्र पडद्यातून निवांत पलीकडे जातो आणि लिथियम धातूला जाऊन भिडतो. लिथियम त्याला तिथेच इलेक्ट्रॉन देऊन टाकतो. तारेतून न जाता झालेली ही देवाणघेवाण म्हणजे वाया गेलेली ऊर्जा. त्यानंतर त्या रेणूच्या वाट्याला दोनपैकी एक गोष्ट येते. एक म्हणजे तो लिथियमच्या पृष्ठभागावर थर होऊन कायमचा बसतो. मग द्रवातले प्रमाण कमी होते आणि त्या रिकाम्या जागेत इकडून आणखी रेणू उतरतात. साखरेच्या पाकातून कुणी सतत साखर काढून घेत राहिले तर भांड्यातली साखर संपणारच. दुसरी गोष्ट म्हणजे क्षपण झालेला रेणू द्रवातच राहून मूळ टोकाकडे परततो, तिथे चार्जरकडून पुन्हा ऑक्सिडीकृत होतो आणि परत लिथियमकडे निघतो. या येरझाऱ्यांना बॅटरीच्या क्षेत्रात शटल म्हणतात, मागावरच्या धोट्याची आठवण करून देणारा शब्द. लिथियम-गंधक बॅटरीलाही हाच आजार आहे.

द्रवातून परत येणारे काही रेणू पुन्हा घन होऊन बसतातही, पण पूर्वीच्या जागी नाही. बारीक कण नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी मोठे स्फटिक वाढतात. कार्बनच्या जाळ्यापासून तुटलेल्या अशा स्फटिकापर्यंत इलेक्ट्रॉन पोहोचत नाही. पदार्थ घटात असतो, पण हिशेबात नसतो.

हा आजार ओळखण्याच्या खुणा चांगल्या ठाऊक झालेल्या आहेत. पहिली खूण डोळ्यांना दिसते. क्विनोन हे मुळातच रंगद्रव्यांचे घराणे, त्यामुळे घट उघडला की पांढरा पडदा पिवळा किंवा तांबूस झालेला आढळतो. इलेक्ट्रोडचा तुकडा काचेच्या कुपीत इलेक्ट्रोलाइटमध्ये बुडवून ठेवला आणि काही दिवसांनी द्रवाचा रंग पाहिला तरी बराच उलगडा होतो. रंगाची तीव्रता वर्णपटमापीने मोजली की किती विरघळले ते आकड्यात कळते. ही परीक्षा चार्ज झालेल्या आणि डिस्चार्ज झालेल्या, दोन्ही अवस्थांत करावी लागते, कारण विद्राव्यता अवस्थेनुसार बदलते. एकच इलेक्ट्रॉन घेतलेली मधली अवस्था तर कधी कधी दोघांपेक्षा अधिक त्रासदायक ठरते. दुसरी खूण मीटरवर दिसते. शटल चालू असेल तर चार्जिंगला लागणारा विद्युतभार डिस्चार्जमध्ये मिळणाऱ्या भारापेक्षा जास्त निघतो. काही घटांत चार्जिंग पूर्ण होण्याचे नावच घेत नाही, कारण भरलेले पाणी तळाच्या भोकातून गळत असते. तिसरी परीक्षा सर्वांत सोपी. घट पूर्ण चार्ज करून दोन-तीन दिवस नुसता ठेवायचा आणि मग किती भार उरला ते पाहायचे.

या तिसऱ्या परीक्षेतूनच एक गोष्ट स्पष्ट होते, जी या विषयातले निकाल वाचताना ध्यानात ठेवावी लागते. विरघळणे चक्रे मोजत नाही, तास मोजते. 12 मिनिटांत चार्ज आणि 12 मिनिटांत डिस्चार्ज अशा वेगाने चालवलेला घट 1000 चक्रे 400 तासांत, म्हणजे जेमतेम 17 दिवसांत पूर्ण करतो. तोच घट 10 तास चार्ज आणि 10 तास डिस्चार्ज या गतीने चालवला तर 1000 चक्रांना सव्वादोन वर्षे लागतील. पहिल्या प्रयोगातली 'हजार चक्रे' ऐकायला भारी वाटतात, पण रेणूंना पळून जायला त्यात वेळच मिळालेला नसतो. घराच्या छतावरच्या सौर पॅनेलला जोडलेली बॅटरी दिवसाला एकच चक्र करते. तिच्यासाठी धिम्या गतीचे निकाल आणि कॅलेंडरवरचे दिवस हेच खरे प्रमाण. प्रयोगातला इलेक्ट्रोलाइट किती होता, तेही पाहावे लागते. बटण-घटात तो गरजेपेक्षा पुष्कळ असतो, आणि जितका द्रव जास्त तितके विरघळायला वाव जास्त. कारखान्याच्या घटात द्रव मोजून मापून भरतात, त्यामुळे तिथे चित्र थोडे बरे असू शकते.

यावरचा सर्वांत सरळ उपाय म्हणजे रेणूंना एकमेकांशी बांधून टाकणे. सुटा मणी घरंगळतो, माळेतला घरंगळत नाही. चीनमधल्या वुहान विद्यापीठातल्या संशोधकांनी 2009 साली अँथ्राक्विनोनच्या बाबतीत हेच केले. त्यांनी दोन बाजूंना क्लोरीन असलेले अँथ्राक्विनोन घेतले आणि त्याची सोडियम सल्फाइडशी अभिक्रिया घडवली. सोडियम आणि क्लोरीन मिठाच्या रूपाने बाहेर पडले आणि गंधकाच्या अणूंनी अँथ्राक्विनोनची कडी एकमेकांना जोडून लांब साखळी तयार केली. अशा साखळीला बहुवारिक म्हणतात. या बहुवारिकाचे संक्षिप्त नाव PAQS. ते नेहमीच्या इलेक्ट्रोलाइटमध्ये विरघळत नाही, आणि सुट्या अँथ्राक्विनोनची क्षमता थोड्याच चक्रांत कोसळत असताना या साखळीने शेकडो चक्रांनंतरही बहुतेक क्षमता राखली.

या बांधणीची किंमत मात्र मोजावी लागते. गंधकाचा अणू दोऱ्यासारखा असतो, तो माळ धरून ठेवतो, पण इलेक्ट्रॉन साठवत नाही. त्याचे वजन प्रत्येक मण्याच्या खात्यावर पडते. एका कडीचे वजन 208 वरून 238 होते आणि ग्रॅममागची क्षमता 257 वरून 225 वर येते. ती कमाल मर्यादा झाली, प्रत्यक्षात सुमारे 200 हाती लागते. पुढे गंधक वगळून कडी थेट एकमेकांना जोडण्याचे प्रयोग झाले आणि त्यांत ही तूट जवळजवळ भरून निघाली, पण अशी साखळी तयार करण्याची कृती महागडी आहे. मुबलक आणि स्वस्त म्हणून निवडलेला पदार्थ टिकाऊ करता करता स्वस्त राहील का, हा या विषयातला न टळणारा प्रश्न आहे.

दुसरा उपाय रेणूला मिठासारखे बनवण्याचा. रेणूच्या कडेला ऋणभारित गट आणि त्याच्याशेजारी लिथियम किंवा सोडियम बसवला की घनात आयनांची ओढ तयार होते आणि कार्बनी द्रावकाला तो रेणू सहज सोडवून नेता येत नाही. फ्रान्समध्ये तारास्कों, अर्माँ, प्वाझो आणि सहकाऱ्यांनी 2008 साली डायलिथियम रोडिझोनेट नावाचा असाच क्षार वापरला. त्याचा कच्चा माल म्हणजे मायो-इनोसिटॉल, मक्यासारख्या पिकांपासून मिळू शकणारा एक शर्करेसारखा पदार्थ. कोबाल्टऐवजी पिकातून बॅटरी, ही कल्पना तेव्हा बरीच गाजली. 2012 साली अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या आणि न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजच्या संशोधकांनी मंजिष्ठेच्या घराण्यातल्या परप्युरिनला लिथियम लावून इलेक्ट्रोड बनवला, त्यामागेही हाच विचार होता. इथेही भारित गटांचे वजन खाते कमी करतेच.

रेणूला हात न लावता इलेक्ट्रोलाइट बदलण्याचाही मार्ग आहे. द्रवात लिथियमचे मीठ इतके दाट करायचे की द्रावकाचा जवळजवळ प्रत्येक रेणू लिथियमच्या दिमतीला लागेल आणि क्विनोनकडे बघायला कुणी मोकळा उरणार नाही. दाट इलेक्ट्रोलाइट घट्ट आणि महाग असतो. घन इलेक्ट्रोलाइट वापरला तर विरघळण्याचा प्रश्नच मिटतो, पण आयनांची चाल मंदावते. सच्छिद्र कार्बनच्या पोकळ्यांत क्विनोन कोंडण्याचेही पुष्कळ प्रयोग झाले. कोंडल्याने गळती मंदावते, थांबत नाही. शिवाय आधीच जास्त असलेला कार्बन आणखी वाढतो.

अलीकडे एक वेगळी वाट समोर आली आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये मिर्चा डिंका यांच्या गटाने 2024 साली TAQ या संक्षिप्त नावाच्या पदार्थाचा इलेक्ट्रोड सादर केला. हाही तीन चिकटलेल्या कड्यांचा क्विनोनच, पण त्याच्या कडेला अमाइनचे गट आहेत. त्यांतला हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनला धरून ठेवतो. अशा हायड्रोजन बंधांनी रेणूंच्या चादरी तयार होतात आणि चादरीवर चादर बसते. साखळी न बनवताही प्रत्येक रेणू चहूबाजूंनी पकडला जातो आणि पदार्थ इलेक्ट्रोलाइटमध्ये जवळजवळ विरघळत नाही. शिवाय ही रचना वीज वाहते, त्यामुळे कार्बनची भर फार लागत नाही. हा इलेक्ट्रोड 2000 हून अधिक चक्रे फारशी घट न होता चालल्याचे त्या गटाने दाखवले. या कामाला लॅम्बोर्गिनी या मोटार कंपनीचा पैसा होता. तरी एक गोष्ट उरते. अशा क्विनोनमध्ये सुरुवातीला लिथियम नसतो, आजच्या गाड्यांतल्या धन टोकाच्या पदार्थांत तो असतो. म्हणून दुसऱ्या टोकाला लिथियम धातू तरी हवा, किंवा आधीच लिथियम भरून घेण्याची वेगळी पायरी तरी. लिथियम धातूचे स्वतःचे दुखणे वेगळेच.

विरघळणे हा दोष असेल तर तो मान्य करून त्यालाच कामाला का लावू नये? फ्लो बॅटरीत हेच करतात. तिथे ऊर्जा साठवणारे पदार्थ मुद्दाम विरघळवून दोन टाक्यांत ठेवतात आणि पंपाने मधल्या घटातून फिरवतात. टाकी मोठी केली की ऊर्जा वाढते, घट मोठा केला की शक्ती. 2014 साली हार्वर्डमध्ये मायकेल अझीझ यांच्या गटाने अँथ्राक्विनोनला दोन सल्फोनिक गट जोडून ते पाण्यात भरपूर विरघळेल असे केले आणि दुसऱ्या टाकीत ब्रोमीन ठेवले. ब्रोमीन विषारी आणि गंजवणारे. म्हणून 2015 साली त्यांनी अल्कधर्मी द्रावणाकडे मोर्चा वळवला. एका टाकीत दोन हायड्रॉक्सी गट असलेले अँथ्राक्विनोन, दुसऱ्या टाकीत फेरोसायनाइड. घटाचा दाब सुमारे 1.2 व्होल्ट. पुढे मेंदीतल्या लॉसोनचे दोन रेणू जोडून केलेला बिसलॉसोनही याच गटाने तपासला.

पाण्यात रेणू मोकळा असतो, त्यामुळे तो निसटण्याचा प्रश्न उरत नाही. त्याऐवजी तो मोडण्याचा प्रश्न उभा राहतो. दोन हायड्रॉक्सी गटांचे अँथ्राक्विनोन चार्ज झालेल्या, म्हणजे क्षपित, अवस्थेत थांबले की त्यातले काही रेणू आपसातच देवाणघेवाण करतात आणि एक ऑक्सिजन गमावून अँथ्रोन बनतात. अँथ्रोनचे दोन रेणू जुळले तर ते कायमचे वाया जातात. इथेही घट तासांनुसार होते, चक्रांनुसार नाही. हे कळल्यावर उपाय अनपेक्षितपणे साधा निघाला. रेणू जोड्या जुळवण्यापूर्वी द्रावणाला हवा लागू दिली, तर अँथ्रोन ऑक्सिजन घेऊन पुन्हा अँथ्राक्विनोन होते. 2019 साली हार्वर्डच्या गटाने हे दाखवले, आणि पुढे विजेच्या साहाय्यानेही तसे पुनरुज्जीवन करता येते, हेही सिद्ध केले. दरम्यान रेणूच्या कडेला वेगळ्या साखळ्या लावून अँथ्रोन बनणेच मंदावणारे अँथ्राक्विनोनही तयार झाले. त्यांची घट वर्षाला काही टक्क्यांवर आणि पुढच्या एका प्रकारात एक टक्क्याच्याही खाली आली. पाण्याच्या टाक्या गाडीत बसत नाहीत, पण वीज उपकेंद्राच्या आवारात त्यांना जागेची अडचण नसते. तिथे अँथ्राक्विनोनने विरघळलेलेच असावे अशी अपेक्षा असते.